आधी दाढेला विचारा

दात दुखतोय म्हणून कुणी माझ्या खुर्चीत बसलं, की तोंडात डोकावण्याआधी मी त्याचा हात बघते. ‘नक्की कुठं दुखतंय?’ असं विचारलं की हात आपोआप वर जातो. कुणी एकच बोट थेट एका दाढेवर ठेवतं. कुणी अख्खा तळवा गालावर दाबतं आणि म्हणतं, ‘ही सगळी बाजूच.’ आणि वर्षातून एखाद-दोन वेळा असा माणूस येतो, ज्याचं बोट गालाच्या दिशेनं निघतं आणि दोन अंगुळं अलीकडेच थांबतं. तो गालाला हात लावत नाही, कारण लावायची भीती वाटते.

जवळच्या गावाहून आलेल्या त्या मावशींचं बोट असंच हवेत थांबलं होतं. वय साठीच्या आसपास. उजवीकडच्या वरच्या दोन दाढा आधीच काढलेल्या. पहिलीचं रूट कॅनाल झालं, तरी कळा येतच राहिल्या म्हणून ती काढली. काही आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसरी काढली. दोन महिने शांतता, आणि आता परत सुरू. ‘ही तिसरीपण काढून टाका एकदाची,’ त्या म्हणाल्या. लेक सोबत होता, त्याचीही तयारी होती. फक्त दाढेला कुणी विचारलं नव्हतं.

‘दाढेला विचारायचं’ हा आमच्या धंद्यातला शब्द नाही, माझा आहे. पण दंतवैद्य रोज तेच करतो. दाढेत दुखणं असेल तर ती काही ठरावीक प्रश्नांना उत्तर देते. एकही दाढ उत्तर देत नसेल, तर दुखणं कितीही खरं असलं तरी ते बहुधा दुसऱ्या कुणाचं असतं. अशा वेळी सर्वांत जास्त सापडतात ते दोन जण: गालाच्या हाडातली सायनसची पोकळी आणि चेहऱ्याची नस.

मुळात असा घोटाळा होतो का? चेहरा, हिरड्या, दात, नाकाची आतली बाजू, सायनस या सगळ्यांची संवेदना मेंदूकडे नेणारी नस एकच. दोन्ही बाजूंना एकेक. तिला तीन फाटे असतात. एक कपाळ-डोळ्याकडे जातो, दुसरा गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे. त्यात दाताच्या आतला मऊ गर वेदना ओळखतो, पण जागा नीट ओळखत नाही. मेंदूकडे पोचणाऱ्या पत्रावर पिनकोड असतो, घर नंबर नसतो. म्हणून खरोखर किडलेल्या दाढेचा माणूससुद्धा कधी कधी शेजारची दाढ दाखवतो, वरची दुखत असताना खालची दाखवतो. पण डावी दाढ सहसा उजवीकडं दुखत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या नसा वेगळ्या. रुग्णाचं बोट हा पुरावा नव्हे, फक्त शोध कुठून सुरू करायचा याची खूण, ती यामुळेच.

दाढ कशी बोलते

दाढेचा स्वभाव आधी समजून घेऊ, म्हणजे जे तिचं नाही ते वेगळं काढता येईल.

माझ्या दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये सुईच्या प्लास्टिकच्या टोपणात पाणी भरून ठेवलेलं असतं. गोठलं की पेन्सिलीएवढी बर्फाची कांडी तयार होते. ती आधी दुसऱ्या बाजूच्या धडधाकट दाढेला लावायची, म्हणजे रुग्णाला ‘नॉर्मल’ गार काय ते कळतं. मग दुखऱ्या बाजूच्या एकेका दाताला. निरोगी दाताला गार लागतं आणि बर्फ काढला की काही सेकंदांत विरून जातं. आतला गर सुजलेला असेल तर कळ उठते आणि बर्फ काढल्यावरही अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त रेंगाळते. गर मेलेला असेल तर काहीच जाणवत नाही.

मग आरशाच्या दांड्यानं प्रत्येक दातावर टकटक. मुळाच्या टोकाशी पू झाला असेल तर तो एकच दात असा दुखतो की माणूस खुर्चीतून उठतो. शेजारचे दात गप्प असतात. दाताला चीर गेली असेल तर कापसाची गुंडाळी चावायला देते. तिथं चावताना, आणि बऱ्याचदा चावा सोडताना, नेमकी कळ येते.

शेवटी एक्स-रे. त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बारीक चीर त्यात सहसा दिसत नाही. मुळाशी नुकताच सुरू झालेला संसर्गही दिसत नाही, कारण हाड बरंचसं झिजल्याशिवाय फोटोत काळा डाग उमटत नाही. म्हणून नुसता एक्स-रे स्वच्छ आला म्हणून दाढ निर्दोष ठरत नाही. आणि उलट, एक्स-रेत एखादी जुनी कीड दिसली म्हणून तीच गुन्हेगार असंही नाही. साठीच्या माणसाच्या तोंडात शोधलं तर एखादी तरी कीड सापडतेच.

दाढेचं दुखणं साधारण असं: एका दाताचं, थंड-गरमानं किंवा चावण्यानं भडकणारं, रात्री आडवं झाल्यावर ठणकणारं, आणि दिवसागणिक बदलत जाणारं. आधी गार लागतं, मग गरम, मग चावताना, मग सूज. ही चढती भाजणी दाढेची खूण आहे.

तळवा गालावर ठेवणारा माणूस

आता गालावर तळवा दाबणाऱ्यांकडे येऊ. पावसाळ्यात आणि थंडीत हे जास्त येतात. एक शिक्षक आले होते, चाळिशीचे. डावीकडच्या वरच्या दाढा तीन दिवस दुखत होत्या. ‘कुठली?’ विचारलं तर ‘सगळ्याच. दात लांब झाल्यासारखे वाटतायत, चावताना आधी तेच टेकतात.’ घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या त्यांनी खाऊन झाल्या होत्या.

बर्फ लावला, सगळ्या दाढा व्यवस्थित बोलल्या: गार लागलं, विरलं. टकटक केली तर एक उपदाढ आणि तिच्या मागच्या दोन दाढा अशा तिन्ही सारख्याच हुळहुळ्या. खालचे दात पूर्ण गप्प. एक्स-रे स्वच्छ. एका वेळी तीन दाढांच्या मुळांशी सारखाच संसर्ग होणं जवळजवळ अशक्य. मग मी त्यांना खुर्चीतून उठवून बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं खाली वाकायला सांगितलं. वाकले आणि लगेच गालाला हात लावून सरळ झाले. ‘हेच! जिना उतरतानाही प्रत्येक पायरीला असंच होतं.’ आठवड्यापूर्वी जोरदार पडसं झालं होतं का? झालं होतं. नाक डावीकडून अजून चोंदलेलं होतं.

गालाच्या हाडात, डोळ्याखाली आणि वरच्या दाढांच्या डोक्यावर एक हवेची पोकळी असते. मोठ्या माणसात तिच्यात साधारण तीन चमचे पाणी मावेल. नाथानिएल हायमोर या इंग्रज वैद्यानं १६५१ मध्ये तिचं तपशीलवार वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. तिच्या दोन गोष्टी आपल्या मुळावर येतात. पहिली, वरच्या दाढांची मुळं तिच्या जमिनीला भिडलेली असतात. मध्ये कागदासारखं पातळ हाड, काहींच्यात तेवढंही नाही, नुसतं अस्तर. त्या दाढांना जाणाऱ्या बारीक नसाही पोकळीच्या भिंतीतूनच जातात. दुसरी, पोकळीचा निचरा होणारं भोक तळाला नसून वर, छताच्या जवळ असतं. पडशानं ते सुजून बंद झालं की आतला चिकट स्राव तुंबतो, अस्तर सुजतं, आणि त्या नसा दाबल्या जातात. मेंदूला निरोप जातो: वरच्या दाढा दुखतायत.

म्हणून सायनसच्या दुखण्याला काही ठसठशीत खुणा असतात. दाब असल्यासारखं, सतत, जड दुखणं. वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम; खालची एकही नाही. वाकल्यावर, जिना उतरताना, उडी मारल्यावर वाढणारं. गार-गरमाशी फारसा संबंध नाही. सोबत चोंदलेलं नाक, घट्ट शेंबूड किंवा घशात उतरणारा कफ, वास कमी येणं.

त्या शिक्षकांना मी दात न शिवता घरी पाठवलं. वाफ, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि दुखलं तर पॅरासिटामॉल. नाक धुण्याचं पाणी उकळून कोमट केलेलं हवं, थेट नळाचं नको. पाणी नाकातून वर जातं, आणि न उकळलेल्या पाण्यातून क्वचित का होईना, जीवघेणा अमीबा मेंदूपर्यंत पोचू शकतो. नाक मोकळं करणारे औषधी थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे घालायचे नाहीत, नाहीतर थेंब थांबवले की नाक पुन्हा चोंदतं आणि सवयच लागते. बहुतेक सायनसचं दुखणं विषाणूंमुळे होतं आणि आठ-दहा दिवसांत ओसरतं. त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. दहा दिवस उलटले तरी हटत नसेल, किंवा बरं वाटता वाटता एकदम पुन्हा ताप आणि दुखणं उसळलं, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञ हवाच. शिक्षक सहाव्या दिवशी फोनवर म्हणाले, ‘नाक मोकळं झालं आणि दाढाही आखूड झाल्या.’

पण इथंच एक उलटी चाल असते, आणि ती फसवते. कधी सायनस दाढेला बदनाम करतं, तर कधी दाढच सायनस नासवते. वरच्या दाढेच्या मुळाशी झालेला पू पातळ हाडातून वर शिरतो. अशा माणसाला पडसं झालेलं नसतं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत राहतो, औषधांनी तात्पुरता थांबतो, पुन्हा येतो. आणि बर्फ लावला की एक दाढ काहीच बोलत नाही, कारण ती आतून मेलेली असते. दाढ दुखतही नसते बऱ्याचदा. तिथं दाढेवर उपचार केल्याशिवाय सायनस बरं होत नाही. वारंवार ‘एकाच बाजूचं सायनस’ होणाऱ्यांनी दंतवैद्याकडे जावं, ते यासाठी.

हवेत थांबलेलं बोट

आता मावशींकडे परत.

तोंड उघडायला सांगितलं तर त्यांनी हळू, थोडंसंच उघडलं. आत पाहिलं आणि निम्मं निदान तिथंच झालं. डावीकडचे दात मशेरीनं काळपट, पण घासलेले. उजवीकडच्या दातांवर किटणाचा जाड थर. ‘या बाजूला बोट फिरवत नाही का?’ ‘फिरवलं की करंट बसतो, बाई.’ तोंड धुतानाही उजवा गाल त्या कोरडाच ठेवत होत्या. एसटीत खिडकीशी बसायचं बंद केलं होतं, कारण वारा लागला की कळ. जेवताना पहिला घास सगळ्यात अवघड. कळ किती वेळ टिकते? त्यांनी चुटकी वाजवली. ‘एवढीच. पण जीव जातो. मग काहीच नाही. मग परत.’ आणि रात्री? ‘रात्री झोप लागते की.’

बर्फ लावला: उरलेल्या सगळ्या दाढा ठणठणीत. टकटक केली: काही नाही. चावायला दिलं: एकदा कळ आली, पण कुठल्या एका दातावर नव्हे, जबडा हलल्याबरोबर. मग मी कापसाचा बारीक पुंजका घेतला आणि उजव्या नाकपुडीच्या कडेला, वरच्या ओठाजवळ नुसता टेकवला. मावशींचा चेहरा आकसला, डोळा मिटला, दोन-तीन सेकंद श्वास अडकला. मग सगळं शांत. लगेच पुन्हा टेकवला तर काही झालं नाही. एका झटक्यानंतर थोडा वेळ ही नस जणू बधिर राहते. दाढ असं कधी वागत नाही. जोरात ठोकल्यावर न दुखणारी आणि कापसाच्या स्पर्शानं जीव काढणारी दाढ जगात नाही.

या दुखण्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. चेहऱ्याची ती तीन फाट्यांची नस मेंदूच्या देठातून जिथं बाहेर पडते, तिथं बहुतेक वेळा एक रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. प्रत्येक ठोक्यानिशी घासून घासून नसेवरचं वेष्टण झिजतं. वायरचं इन्सुलेशन गेलं की जसं शॉर्टसर्किट होतं, तसा साध्या स्पर्शाचा निरोप वेदनेच्या तारेत उडी मारतो. पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये हे जास्त दिसतं, आणि डाव्यापेक्षा उजवीकडे. चाळिशीच्या आत झालं तर मेंदूच्या इतर आजारांचा, विशेषतः मल्टिपल स्क्लेरोसिसचा, शोध घ्यावा लागतो. झटका क्षणाचा असतो, फार तर दोन मिनिटांचा. दिवसात असे कितीही येतात.

मग आधीच्या दोन दाढा काढल्यावर बरं का वाटलं? यातच सापळा आहे. हे दुखणं भरती-ओहोटीसारखं आठवडे, महिने आपणहून गायब होतं. दाढ काढणं आणि ओहोटी यांची वेळ जुळली की श्रेय दाढ काढण्याला जातं. दुसरा सापळा आम्हा दंतवैद्यांसाठी. दाढ बधिर करायचं इंजेक्शन दिलं की कळा थांबतात, आणि वाटतं, बघा, दाढच होती. पण इंजेक्शनानं दाढेबरोबर झटका सुरू करणारी जागाही बधिर झालेली असते. म्हणून या इंजेक्शनचा कौल एकट्यानं कधीच मानायचा नाही. आधीच्या डॉक्टरांना दोष देताना मीही जपून असते, कारण काही जणांत खरे झटके सुरू होण्याआधी काही महिने याच नसेचं दुखणं अगदी दाढेसारखं, मंद, सतत असू शकतं. तेव्हा ओळखणं अवघडच.

मावशींना मी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. एमआरआय झाला, नसेला टेकलेली रक्तवाहिनी दिसली, गाठ वगैरे काही नव्हती. साध्या वेदनाशामक गोळ्या इथं जवळपास निरुपयोगी असतात. लागू पडतं ते मूळचं फेफऱ्याचं औषध, कार्बामाझेपिन. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते यासाठी दिलं जातं. मावशींना १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, आणि मग गरजेप्रमाणे हळूहळू वाढवत. चौथ्या दिवशी त्यांनी उजव्या गालाला पाणी लावलं. औषध इतकं नेमकं लागू पडणं, हाही निदानाला दुजोराच.

मात्र ही गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही. गुंगी येते, तोल जातो, विशेषतः वयस्कांना. रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून तपासण्या लागतात. आणि पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. क्वचित ते जिवावर बेततं. औषध पुरेनासं झालं किंवा सोसेनासं झालं, तर नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये छोटी गादी बसवण्याची शस्त्रक्रिया आहे.

दवाखान्यात जाताना

या तिन्हींत फरक करायला रुग्णानं फक्त चार गोष्टी लक्षात ठेवून सांगाव्यात: दुखणं किती वेळ टिकतं, कशानं भडकतं, एक दात की सगळी बाजू, आणि रात्री झोप लागते का. एक दात, गार-गरम किंवा चावणं, रात्रीचा ठणका: दाढ. वरच्या मागच्या सगळ्या, वाकल्यावर जड, सोबत चोंदलेलं नाक: सायनस. क्षणाचा करंट, स्पर्शानं किंवा वाऱ्यानं, आणि मधल्या वेळात अगदी काही नाही: नस. दाढ काढायचं ठरत असेल तर एवढं विचारा, ‘नेमक्या याच दाढेत काय सापडलं?’ उत्तर मोघम आलं तर थांबायला हरकत नाही. थांबलेली दाढ उद्याही काढता येते, काढलेली परत बसत नाही.

दोन दुखण्यांत मात्र थांबायचं नाही. मधुमेही माणसाची वरची दाढ दुखते, एकापेक्षा जास्त दात हलू लागतात, गाल बधिर होतो, डोळ्याभोवती सूज येते किंवा टाळू काळी पडते, तर ती म्युकरमायकोसिसची बुरशी असू शकते. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रानं ती पाहिली. त्या वेळी कित्येकांची पहिली तक्रार दाढेचीच होती. आणि चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा भरून येत असेल, थांबलं की कमी होत असेल, सोबत घाम, धाप किंवा छातीत जडपणा असेल, तर दंतवैद्याकडे नव्हे, थेट हृदयाच्या तपासणीला.

मावशी सहा महिन्यांनी पुन्हा आल्या, किटण काढून घ्यायला. मशेरी सोडलेली नव्हती. त्यावर माझी बोलणी त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. मग मी विचारलं, ‘आधी नक्की कुठं यायचा करंट?’ त्यांनी बोट उचललं आणि नाकपुडीच्या कडेला, ओठाजवळ, गालावर टेकवलं. ‘हितं,’ म्हणाल्या, आणि बोट तिथंच ठेवून हसल्या. तिसरी दाढ अजून जागेवर आहे.